सहा महिने लॅपटॉप बंद ठेवायचा आहे? आधी नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करा

सीताबर्डीच्या मेन रोडला लागून असलेल्या गल्ल्यांतल्या कुठल्याही लॅपटॉप दुरुस्तीच्या काउंटरवर थोडा वेळ उभे राहा. "काहीच केलं नव्हतं हो, नुसता कपाटात ठेवला होता," हे वाक्य ऐकायला मिळेलच. कोणाचा लॅपटॉप सुरूच होत नाही, कोणाचा सुरू होतो पण चार्जर काढला की बंद पडतो, तर कोणाच्या लॅपटॉपचे झाकण नीट बसेनासे झालेले असते. पुढचे प्रश्नही ठरलेले. फुल चार्ज करून ठेवायला हवा होता का? की पूर्ण रिकामा करून? चार्जरला लावूनच ठेवला असता तर चालला असता का?

या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. मग काय करायचे, ते एका नेहमीच्या प्रसंगातून पाहू. समजा, तुम्ही मार्चअखेर मुलाकडे अमेरिकेला निघालात आणि सप्टेंबरच्या शेवटी परतणार आहात. घर वरच्या मजल्यावर आहे आणि तोवर कुलूपबंद राहणार आहे. लॅपटॉप चार वर्षांचा असून त्याची बॅटरी आतच बसवलेली आहे. नागपूरकरासाठी याहून वाईट सहा महिने निवडता येणार नाहीत, कारण आधी मे महिना येतो आणि त्याला लागूनच जुलै-ऑगस्टची दमट हवा. ही वेळ निभावून नेता आली, तर बाकी कुठल्याही महिन्यांत लॅपटॉप ठेवणे सोपेच आहे.

बॅटरी निम्मी का ठेवायची

लॅपटॉपमधल्या लिथियम-आयन बॅटरीला दोन्ही टोके सोसत नाहीत. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा दाब साधारण 4.2 व्होल्टपर्यंत चढलेला असतो. त्या अवस्थेत ती महिनोन्महिने राहिली तर आतले रसायन हळूहळू झिजते आणि बॅटरीची साठवण क्षमता कायमची कमी होते. नंतर कितीही चार्ज केली तरी ती परत मिळत नाही.

दुसरे टोक याहून धोक्याचे आहे. बॅटरी वापरली नाही तरी थोडी थोडी उतरतच असते. काही चार्ज ती आपोआप गमावते, काही तिच्यातल्या संरक्षक सर्किटला लागतो आणि काही लॅपटॉपचा मदरबोर्ड घेतो. पाच-दहा टक्क्यांवर बंद करून ठेवलेला लॅपटॉप दोन-तीन महिन्यांत शून्याखाली जाऊ शकतो. सेलचा दाब ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की संरक्षक सर्किट बॅटरी तोडून टाकते. काही बॅटऱ्या त्यानंतर कधीच चार्ज घेत नाहीत.

म्हणून मधली जागा, म्हणजे सुमारे 50 टक्के. ॲपलचा सल्लाही हाच आहे: निम्मा चार्ज ठेवा, उपकरण पूर्ण बंद करा, 32 अंशांपेक्षा कमी तापमानाच्या कोरड्या जागी ठेवा आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायचे असेल तर दर सहा महिन्यांनी पुन्हा 50 टक्क्यांवर आणा. 48 की 53 यावर अडून बसू नका. 40 ते 60 च्या दरम्यान असले की पुरे.

32 अंश? आणि तेही नागपुरात?

खरी अडचण या आकड्यातच आहे. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती. (मे 2024 मध्ये गाजलेले 56 अंश मोजू नका. ते सेन्सरच्या बिघाडामुळे आले होते, असे हवामान खात्याने स्पष्ट केले.) साध्या मे महिन्यातही पारा 42-43 अंशांवर असतो. पंखा-कूलर बंद आणि खिडक्या बंद अशा वरच्या मजल्यावरच्या घरात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो. त्यामुळे कपाटातले तापमान रात्रीही फारसे उतरत नाही.

याचा बॅटरीवर काय परिणाम होतो? कॅनडातल्या कॅडेक्स कंपनीच्या 'बॅटरी युनिव्हर्सिटी'चा तक्ता या क्षेत्रात नेहमी दाखवला जातो. बॅटरी एक वर्ष नुसती ठेवून दिली तर तिची किती क्षमता शिल्लक राहते, ते त्यात दिलेले आहे:

- 25 अंशांत, 40 टक्के चार्जवर ठेवली तर 96 टक्के
- 25 अंशांत, फुल चार्जवर ठेवली तर 80 टक्के
- 40 अंशांत, 40 टक्के चार्जवर ठेवली तर 85 टक्के
- 40 अंशांत, फुल चार्जवर ठेवली तर 65 टक्के

शेवटच्या दोन ओळी आपल्यासाठी आहेत. तुमच्या लॅपटॉपचे आकडे हुबेहूब असेच येतील असे नाही आणि आपले घरही वर्षभर 40 अंशांवर नसते. पण दिशा स्पष्ट आहे. उष्णता आणि फुल चार्ज एकत्र आले की नुकसान सगळ्यात जास्त होते. त्यातली उष्णता पूर्णपणे आपल्या हातात नाही, चार्ज मात्र आहे.

चार्जरला लावून ठेवण्याची कल्पना याच कारणाने चुकीची ठरते. बॅटरी सहा महिने शंभर टक्क्यांवर राहते, चार्जरची स्वतःची ऊब त्यात मिळते आणि पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली झाला किंवा जवळपास वीज कोसळली, तर बंद घरात प्लग काढायला कोणी नसते. काही लॅपटॉपमध्ये चार्ज 80 किंवा 60 टक्क्यांवर रोखण्याची सोय असते. ती रोज टेबलावर चार्जर लावून काम करणाऱ्यांसाठी आहे. बंद घरासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

घरात जागा कोणती?

निघण्याआधी काही दिवस साधा डिजिटल तापमापक दोन-तीन जागी ठेवून पाहा. आर्द्रताही दाखवणारा मिळतो, तोच घ्या. दुपारी चार वाजता आणि रात्री दहा वाजता आकडे बघा. ज्या जागेचा रात्रीचा आकडा सगळ्यात कमी, ती जागा निवडा. अनुभवाने सांगता येते की:

- माळा, गच्चीवरची खोली, टिनाचे शेड आणि गॅलरीतले कपाट बाद.
- पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाटही बाद. ती भिंत संध्याकाळभर तापलेली असते.
- घराच्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीकडच्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा बहुतेक घरांत सगळ्यात थंड असतो. मात्र फरशीला टेकवू नका, चार-सहा इंच वर ठेवा.
- गाडीची डिकी तर अजिबात नको. काही जण 'सुरक्षित' म्हणून लॅपटॉप बंद गाडीत ठेवून जातात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तापमान 60 अंशांच्या आसपास जाते.

आणि फ्रीज? 'बॅटरी थंडीत टिकते' हे ऐकून लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवणारेही आहेत. तसे करू नका. बाहेर काढताच थंड सर्किटवर हवेतला ओलावा दवासारखा बसतो, आणि पावसाळ्यात तर तो आतपर्यंत पोचतो.

माझे मत विचाराल तर वरच्या मजल्याचे घर उन्हाळाभर बंद राहणार असेल, तर लॅपटॉप तळमजल्यावर राहणाऱ्या, घरात माणसे असलेल्या नातेवाइकांकडे ठेवणे हा सगळ्यात चांगला पर्याय आहे. राहत्या घरात पंखा फिरतो, खिडक्या उघडतात आणि पारा काही अंशांनी तरी खाली राहतो. फक्त कूलरची खोली टाळायला सांगा. नागपूरचा कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. खिडकीत कूलर लावलेली आणि हवा बाहेर पडायला वाट नसलेली खोली मे महिन्यातही पावसाळ्यासारखी दमट असते. ही हवा रोज आठ-दहा तास लॅपटॉपच्या जाळीतून आत गेली, तर धूळ ओली होऊन चिकटते आणि कनेक्टर गंजू लागतात.

बंद म्हणजे पूर्ण बंद

झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप बंद झाला असे नाही. तो 'स्लीप'मध्ये जातो आणि आतल्या आत बॅटरी खात राहतो. विंडोजमध्ये Shut down दाबले तरी 'फास्ट स्टार्टअप' सुरू असेल तर यंत्रणा पूर्णपणे बंद होत नाही. म्हणून शेवटच्या वेळी Shift की दाबून धरा आणि मग Shut down निवडा. किंवा कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्या:

```
shutdown /s /t 0
```

मॅकबुक असेल तर ॲपल मेनूतून शटडाउन करा. नवीन मॅकबुक झाकण उघडताच किंवा चार्जर लावताच सुरू होतात, त्यामुळे बंद केल्यावर 'एकदा बघूया' म्हणून झाकण उघडायचा मोह आवरा. माउसचा यूएसबी रिसीव्हर, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड असे जोडलेले सगळे काढून घ्या.

बंद लॅपटॉपही किती बॅटरी खातो, ते मॉडेलनुसार बदलते. हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे आणि निघण्याआधी दोन आठवडे हातात असतील तर ती जरूर करा. लॅपटॉप 52 टक्क्यांवर आणा, वर सांगितल्याप्रमाणे बंद करा, चार्जर काढून ठेवा. चौदा दिवसांनी सुरू करा आणि स्क्रीन आल्याबरोबर आकडा पाहा, कारण सुरू होतानाच एखादा टक्का खर्च होतो.

50 दिसले, म्हणजे दोन आठवड्यांत दोन टक्के गेले. सहा महिन्यांत असे तेरा पंधरवडे येतात, म्हणजे 26 टक्के जातील. 50 वरून निघालात तर परत येताना 24 शिल्लक असतील. काळजीचे कारण नाही.

पण 48 दिसले तर? पंधरवड्याला चार टक्के, सहा महिन्यांत 52. म्हणजे सप्टेंबर संपण्याआधीच बॅटरी शून्याखाली. इथे तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत:

1. गळती शोधा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बंद असतानाही यूएसबीतून मोबाइल चार्ज होण्याची सोय असते. ती बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये बंद करा. नेटवर्कवरून लॅपटॉप जागा करणारे Wake on LAN असेल तर तेही बंद करा.
2. बॅटरीच तोडून ठेवा. लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये बायोसच्या Config मध्ये Power खाली Disable Built-in Battery असा पर्याय असतो. तो निवडला की बॅटरी आतून वेगळी होते आणि पुन्हा चार्जर लावला की आपोआप जोडली जाते. इतरही काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये अशी सोय असते, तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहा.
3. यातले काही जमत नसेल तर 50 ऐवजी 70 टक्क्यांवर ठेवा किंवा जूनच्या शेवटी कोणाला तरी एकदा चार्ज करायला सांगा. 70 टक्क्यांवर झीज थोडी जास्त होते हे खरे, पण शून्याखाली जाण्यापेक्षा ती परवडते.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी बाहेरून काढता येते. ती निम्म्या चार्जवर काढून, टोकांवर कागदी टेप लावून वेगळी ठेवलीत, तर ही सगळी आकडेमोड टळते. फक्त ती किल्ल्या, नाणी यांच्यासोबत एका डब्यात टाकू नका.

बांधून ठेवताना

पॅकिंग कोरड्या दिवसांतच करा. मार्चची कोरडी दुपार उत्तम. एकदा पाऊस सुरू झाल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत लॅपटॉप बंद केला, तर त्यासोबत दमट हवाही आत कोंडली जाते.

आधी मऊ, कोरड्या ब्रशने जाळीतली आणि की-बोर्डमधली धूळ काढा. बिस्किटांचा चुरा राहिला तर मुंग्या आणि झुरळे येतात, आणि बंद घरात त्यांना हटकणारे कोणी नसते. मग लॅपटॉप सुती कापडात गुंडाळा, झिपच्या जाड पिशवीत ठेवा आणि त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. नवीन बूट किंवा पर्ससोबत येणाऱ्या जुन्या पुड्या बहुधा आधीच ओलावा पिऊन बसलेल्या असतात, म्हणून ताज्या विकत घ्या. लॅपटॉपवर पुस्तकांचा गठ्ठा रचू नका, स्क्रीनवर दाब येतो. कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर लॅपटॉपसाठी दुसरा कप्पा शोधा, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ पडते.

निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा

हा भाग हमखास राहून जातो आणि परतल्यावर सगळ्यात जास्त डोकेदुखी यानेच होते. अनेक विंडोज लॅपटॉपमधली माहिती आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) झालेली असते आणि मालकाला ते ठाऊकही नसते. बंद काळात मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली आणि बायोसच्या सेटिंग विस्कटल्या, तर सुरू होताना निळी स्क्रीन येते आणि 48 आकडी 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागते. ती नसेल तर बर्डीतलाच काय, जगातला कुठलाही दुरुस्तीवाला तुमचे फोटो परत काढून देऊ शकत नाही. तो फक्त सगळे पुसून नवे विंडोज टाकू शकतो.

ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात aka.ms/myrecoverykey या पत्त्यावर मिळते. ती वहीत उतरवा. त्याच पानावर लॅपटॉपचा पासवर्ड (नुसता पिन नव्हे), मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल खात्याचा ईमेल, लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि खरेदीची तारीख लिहा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर सहा महिने रिचार्जविना राहून बंद पडणार नाही, याचीही व्यवस्था करा, नाहीतर ओटीपीच येणार नाही. ही वही लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

कामाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. चांगल्या स्थितीतल्या एसएसडीतून सहा महिन्यांत माहिती उडत नाही. पण खूप वापरून झिजलेली एसएसडी वीज न मिळता उष्ण जागी पडून राहिली, तर तिच्यातली माहिती टिकण्याचा काळ घटतो. प्रत असली की हा हिशेब करत बसावे लागत नाही.

परतल्यावर: आधी पाहा, मग चार्जर लावा

घाई इथे नडते. लॅपटॉप पिशवीतून काढा आणि चार्जरला हात लावण्याआधी तो सपाट टेबलावर, बंद झाकणाने ठेवा. डोळ्यांच्या पातळीवर वाकून कडेने पाहा. झाकण सगळीकडे सारखे बसले आहे का? चारही पाय टेबलाला टेकतात का, की बोटाने दाबल्यावर लॅपटॉप डुलतो? झाकण उघडून टचपॅड दाबा. तो वर आलेला, घट्ट किंवा न दबणारा वाटला, तर त्याच्या खालची बॅटरी फुगली असण्याची शक्यता दाट आहे. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला तर तेही तेच लक्षण.

यापैकी काही आढळले तर चार्जर लावू नका, सुरू करू नका, फुगवटा दाबू नका आणि स्वतः खोलायला जाऊ नका. पलंग, पडदे, कागद यांपासून दूर फरशीवर ठेवा आणि त्याच दिवशी दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये न्या. भर उन्हात दुचाकीच्या डिकीत घालून नव्हे, सकाळी हातात धरून.

सगळे ठीक असेल तर:

- लॅपटॉप एसीच्या गार खोलीतून आणला असेल तर पिशवी न उघडता दोन-तीन तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.
- जाळीत टॉर्च मारून पाहा. जाळे, मुंग्या, पालीची अंडी असे काही दिसले तर पंखा फिरण्याआधी साफ करून घ्या.
- मूळ चार्जरच वापरा. वायर उंदराने कुरतडलेली नाही ना, हे हात फिरवून बघा.
- पहिला चार्ज टाइल किंवा दगडी ओट्यावर, दिवसा, तुम्ही समोर असताना करा. रात्री लावून झोपू नका. अर्ध्या तासाने तळाला हात लावा. कोमट असेल तर हरकत नाही, हात ठेववत नसेल तर लगेच प्लग काढा.
- सुरू झाल्यावर आधी तारीख-वेळ तपासा. ती चुकली असेल तर बँकेच्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे सांगतात आणि लोक विनाकारण व्हायरसच्या शंकेने घाबरतात. दर वेळी वेळ चुकत असेल तर मदरबोर्डवरची छोटी बॅटरी बदलावी लागेल.
- मग सगळे अपडेट होऊ द्या आणि ते झाल्याशिवाय बँकेचे काम करू नका. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, त्यामुळे लॅपटॉपवर तेच असेल तर पुढे काय करायचे ते आताच ठरवा.

बॅटरीचे किती नुकसान झाले, ते कसे कळेल?

निघण्याआधी आणि परतल्यावर, दोन्ही वेळा कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्या:

```
powercfg /batteryreport
```

battery-report.html नावाची फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली आहे तो पत्ताही स्क्रीनवर येतो. तिच्यात DESIGN CAPACITY म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आताची क्षमता दिसते. मूळ 50,000 आणि जाताना 41,000 असेल, तर बॅटरी 82 टक्के शाबूत होती. परतल्यावर 39,000 दिसले तर 78 टक्के, आणि नागपूरचा उन्हाळा काढलेल्या बॅटरीसाठी ही घसरण साधारणच म्हणायची. आकडा एकदम 30,000 वर आला तर आधी बॅटरी एकदा पूर्ण चार्ज करून नेहमीच्या वापरात दहा टक्क्यांपर्यंत उतरू द्या, पुन्हा चार्ज करा आणि मग परत बघा. बरेच दिवस पडून राहिल्यावर लॅपटॉपचा अंदाजच चुकलेला असू शकतो. मॅकबुकवर हीच माहिती सिस्टिम सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या भागात मिळते.

सुरूच होत नसेल तर

चार्जर लावून लाइटही लागत नसेल तर लगेच धीर सोडू नका. खूप उतरलेल्या बॅटरीला लॅपटॉप आधी अगदी कमी प्रवाहाने चार्ज करतो आणि त्या वेळी स्क्रीनवर काहीच दिसत नाही. एक-दोन तास वाट पाहा. मग चार्जर काढून पॉवरचे बटण तीसेक सेकंद दाबून धरा, सोडा, चार्जर लावा आणि पुन्हा सुरू करा. बरेच लॅपटॉप इथे जागे होतात.

तरीही बॅटरी चार्ज घेत नसेल, तर दुकानात एखादा जण "बूस्ट मारून देतो" असे म्हणेल. म्हणजे बाहेरून थेट वीज देऊन मेलेली बॅटरी उठवायची. याला स्पष्ट नकार द्या. सेल मर्यादेच्या फार खाली उतरून तसाच राहिला, तर आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्याचे तांबे विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. अशी बॅटरी आज चालेलही, पण पुढे महिनाभराने रात्री चार्जरवर असताना ती काय करेल याचा भरवसा नाही. संरक्षक सर्किटने ती तोडली, त्यामागे कारण होते.

नवीन बॅटरी घेताना तुमचे हक्क

दुरुस्तीला देताना पावतीवर लॅपटॉपचा सिरियल नंबर, सांगितलेली तक्रार आणि दिसणाऱ्या खुणा लिहून घ्या. नवीन बॅटरीचा पार्ट नंबर आणि वॉट-अवर (Wh) जुनीशी जुळवून पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटरीवर बीआयएसचे चिन्ह, IS 16046 हा मानक क्रमांक आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. हा R क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तिथल्या तिथे तपासता येतो. 'कम्पॅटिबल' बॅटरी स्वस्त मिळते आणि त्यातल्या काही चांगल्याही असतात. पण क्रमांक नसलेली बॅटरी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणे हीही अनुचित प्रथाच आहे आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात. त्यामुळे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा बिलावरचा छापील मजकूर सदोष बॅटरीच्या बाबतीत दुकानदाराला वाचवत नाही. वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. त्यानेही काम झाले नाही तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ती 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या भरता येते आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही. बॅटरी पुण्याच्या किंवा बंगळूरच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवली असली तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नागपूरच्याच आयोगाकडे जाता येते.

जुनी बॅटरी दुकानातच सोपवा किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्या. घंटागाडीत टाकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 2022 प्रमाणे ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे, आणि फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दबली तर पेट घेऊ शकते. नेताना टोकांवर टेप लावा आणि कागदी डब्यात, इतर धातूच्या वस्तूंपासून वेगळी न्या.